सहावी धाव ६.२९: एका जिल्हा रेफरीची फिटनेस चाचणी आणि त्यानंतरचे अकरा आठवडे

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरातले हे फुटबॉल रेफरी. ओळख पटू नये म्हणून नाव, गाव आणि संघटना दिलेली नाही. वय ३७, नोकरी पतसंस्थेत, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. नऊ वर्षं शालेय स्पर्धा, निमंत्रित स्पर्धा आणि जिल्हा लीगचे सामने करत आलेले. नियमांच्या लेखी परीक्षेत ते कायम वरच्या गुणांनी पास व्हायचे. सप्टेंबरच्या शेवटी वरच्या श्रेणीसाठी शारीरिक चाचणी होती आणि तिच्यात ते पहिल्याच टप्प्यात बाहेर पडले.

त्यांना धक्का बसला, कारण तयारी केलेली नव्हती असं नव्हतं. जून ते सप्टेंबर आठवड्यातून चार दिवस पहाटे सहा किलोमीटर धावणं चालू होतं. पावसाळ्यात मैदानावर घोटाभर चिखल, म्हणून सगळं धावणं डांबरी रस्त्यावर. सहा किलोमीटरला ३६ मिनिटं, म्हणजे ताशी १० किलोमीटरचा वेग. शेवटच्या तीन आठवड्यांत त्यांनी एका मोकळ्या प्लॉटवर ४० मीटरच्या धावाही मारल्या होत्या आणि मित्राने मोबाइलवर घेतलेल्या वेळा उत्तम येत होत्या.

चाचणीत काय असतं

मैदानी रेफरीसाठी फिफाने ठरवलेल्या चाचणीचे दोन भाग आहेत आणि दोन्ही एकाच दिवशी, लागोपाठ होतात.

पहिल्या भागात ४० मीटरच्या सहा वेगवान धावा. दोन धावांच्या मध्ये ६० सेकंद, तेवढ्यात चालत परत सुरुवातीला यायचं. वेळ मोजणारं इलेक्ट्रॉनिक गेट असतं आणि रेफरी त्याच्या दीड मीटर मागे उभा राहून सुरुवात करतो. प्रत्येक धाव ठरलेल्या वेळेच्या आत हवी. सहापैकी एक चुकली, तर सहावीनंतर लगेच सातवी धाव मिळते. दोन चुकल्या की चाचणी संपली. आंतरराष्ट्रीय पुरुष रेफरीसाठी मर्यादा ६.०० सेकंदांची आहे आणि खालच्या श्रेणींना थोडी सूट असते. या प्रकरणात मर्यादा होती ६.२० सेकंद. राष्ट्रीय संघटना आपापल्या श्रेणीप्रमाणे आकडे लावतात, त्यामुळे चाचणीच्या सूचनापत्रात छापलेली वेळच खरी मानायची.

मग सहा ते आठ मिनिटांची विश्रांती आणि दुसरा भाग. यात ४०० मीटरच्या ट्रॅकवर ७५ मीटर धावायचं, २५ मीटर चालायचं, असं चाळीस वेळा, म्हणजे दहा फेऱ्या. ध्वनिफितीवर शिट्टी वाजते. ७५ मीटरला १५ सेकंद मिळतात आणि चालायला, या रेफरींच्या श्रेणीत, २२ सेकंद. आंतरराष्ट्रीय पुरुष रेफरीला चालायला १८ सेकंदच मिळतात, पण धावण्याचे १५ सेकंद दोघांनाही सारखेच. धाव संपायची शिट्टी वाजताना एक पाय तरी चालण्याच्या पट्ट्यात पडलेला हवा. हा पट्टा ७५ मीटरच्या खुणेच्या दीड मीटर अलीकडे सुरू होतो. पहिल्यांदा उशीर झाला तर ताकीद, दुसऱ्यांदा झाला तर बाहेर.

पूर्वीची कूपर चाचणी, म्हणजे बारा मिनिटांत जास्तीत जास्त अंतर, जुन्या रेफरींच्या डोक्यात अजून पक्की बसलेली आहे. ‘रोज पाच-सहा किलोमीटर पळ, बाकी आपोआप होतं’ हा सल्ला त्या काळातला आहे. आजच्या चाचणीत एकसारख्या वेगाने दूर पळायची वेळ कधीच येत नाही.

अडचण

सप्टेंबरच्या चाचणीतल्या सहा धावांच्या वेळा अशा होत्या: ५.८४, ५.९३, ६.०४, ६.१५, ६.२३, ६.२९. पाचवी आणि सहावी चुकली. दुसरा भाग सुरू होण्याआधीच निकाल लागला होता.

त्यांची पहिली प्रतिक्रिया ‘गेटमध्येच काहीतरी गडबड असणार’ अशी होती. सरावात त्यांची सहावी धाव ५.९५ च्या आसपास येत होती, मग चाचणीत ६.२९ कशी? जिल्ह्यातले एक ज्येष्ठ फिटनेस प्रशिक्षक दुसऱ्या दिवशी टेप घेऊन त्या प्लॉटवर गेले. ‘चाळीस मीटर’ पावलांनी मोजलेलं होतं आणि टेपवर ते भरलं साडेसदतीस. धावेच्या शेवटच्या टप्प्यात माणूस पूर्ण वेगात असतो, तिथले अडीच मीटर म्हणजे सुमारे ०.३ सेकंद. सरावातला आणि चाचणीतला फरक जवळपास तेवढाच होता. शिवाय मित्र शेवटच्या टोकाला उभा राहून, धावणारा हलला असं वाटलं की बटण दाबत होता. तीही एक-दोन दशांशांची चूक. गेट बरोबर होतं.

टेप नसेल तेव्हा एक सोपा उपाय आहे. नीट आखलेल्या मैदानावर पेनल्टी एरियाची पुढची रेषा ४०.३२ मीटर लांब असते: गोलपोस्टमधलं अंतर ७.३२ आणि दोन्ही बाजूंना साडेसोळा-साडेसोळा. तिच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत धावलं की चाचणीपेक्षा ३२ सेंटिमीटर जास्तच होतात. मात्र चुन्याने घाईत आखलेल्या मैदानावर या रेषेवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. एकदा मोजून घ्यावी.

अंतराचा गोंधळ मिटला तरी मूळ प्रश्न उरला. पहिली धाव ५.८४ मारू शकणाऱ्या माणसाकडे वेग होता. सहाव्या धावेपर्यंत तो पावणेआठ टक्क्यांनी खाली आला. सहा-सात सेकंदांच्या पूर्ण ताकदीच्या धावेत स्नायू मुख्यतः फॉस्फोक्रिएटिनचा साठा वापरतात. ६० सेकंदांच्या चालण्यात तो बराचसा भरून येतो, पण पूर्ण नाही. प्रत्येक धावेत थोडी तूट राहते आणि ती साचत जाते. साठा किती झपाट्याने भरतो हे स्नायूंना ऑक्सिजन किती पोचतो यावर अवलंबून असतं. त्यामुळे दमाचा सराव स्प्रिंटलाही लागतो, पण तो जोराच्या वेगातला असावा लागतो. ताशी १० किलोमीटरच्या धावण्याने तेवढी क्षमता तयार झाली नव्हती.

याहून साधी एक चूक होती. मर्यादा ६.२० असताना पहिली धाव ५.८४ मारून काही मिळत नाही, गुण दिले जात नाहीत. तो जोर पाचव्या-सहाव्या धावेसाठी राखायला हवा होता. पण जोर राखणं ज्याच्याकडे राखण्याइतका वेग आहे त्यालाच परवडतं. ज्याची सर्वोत्तम धाव ६.१० आहे त्याला पहिल्यापासून जीव तोडूनच पळावं लागतं, आणि तिसऱ्या-चौथ्या धावेत तो मर्यादेबाहेर जातो.

आठवडाभराने प्रशिक्षकांनी दुसरा भागही अनौपचारिकपणे करून घेतला, कारण तिथे काय होतंय हे कोणालाच माहीत नव्हतं. तेविसाव्या धावेला ताकीद मिळाली असती, सत्ताविसाव्याला ते बाहेर गेले असते. मोबाइलवरचं चित्रीकरण पाहिल्यावर कारण दिसलं. पहिल्या दहा धावा ते साडेतेरा-चौदा सेकंदांत संपवत होते आणि उरलेला वेळ पट्ट्यात उभे राहून शिट्टीची वाट बघत होते. ७५ मीटरला १५ सेकंद म्हणजे ताशी १८ किलोमीटर, आणि साडेतेरा सेकंद म्हणजे ताशी २०. त्या दोन किलोमीटरची किंमत विसाव्या धावेनंतर वसूल झाली.

कोणते पर्याय होते

फेरचाचणीच्या दोन तारखा समोर होत्या. एक ऑक्टोबरच्या शेवटी, चार आठवड्यांनी. दुसरी डिसेंबरच्या मध्यावर. रेफरींचा कल पहिल्या तारखेकडे होता. ‘सर, थोडक्यात तर गेलंय. अंतर कळलं आता, जमेल,’ असं त्यांचं म्हणणं. हिशेब पूर्ण चुकीचा नव्हता. पहिल्या धावा थोड्या राखून मारल्या असत्या तर ६.२० कदाचित साधलंही असतं. पण दुसऱ्या भागात सत्तावीस धावांवरून चाळीसवर चार आठवड्यांत जाणं, आणि तेही सहा स्प्रिंट मारून झाल्यावर, शक्यतेच्या बाहेर होतं.

दुसरा विचार असा पुढे आला की सहायक रेफरी म्हणून चाचणी द्यावी, ती सोपी असते. हा समज जिल्ह्यात बराच पसरलेला आहे. सहायकाला १०-८-८-१० ची दिशा बदलणारी धाव द्यावी लागते: दहा मीटर पुढे, आठ मीटर डावीकडे तोंड ठेवून आडवं, आठ उजवीकडे, पुन्हा दहा पुढे. मग ३० मीटरच्या पाच धावा, मध्ये फक्त ३० सेकंद. त्यानंतर ७५-२५ ची चाळीस धावांची चाचणी आहेच. ज्याचा प्रश्न लागोपाठच्या स्प्रिंटमध्ये दम टिकण्याचा आहे, त्याला ३० सेकंदांच्या विश्रांतीने काय सुटका मिळणार?

डिसेंबरची तारीख ठरली. बदल्यात हंगामाच्या सुरुवातीचे वरच्या श्रेणीचे सामने हातचे गेले. सराव सुरू करण्याआधी प्रशिक्षकांनी रक्तदाब आणि ईसीजी तपासून घ्यायला लावलं. पस्तिशीनंतर अचानक जोराचा सराव सुरू करणाऱ्याला ही अट त्यांनी सगळ्यांनाच घातली आहे.

अकरा आठवडे

नोकरीमुळे आठवड्याला दोनच भरगच्च सराव शक्य होते, मंगळवारी आणि गुरुवारी पहाटे पावणेसहाला. शनिवार-रविवार सामने. सोमवारी वीस-पंचवीस मिनिटं अगदी हलकं धावणं. रस्त्यावरचे सहा किलोमीटर बंद झाले. याला रेफरींनी बराच विरोध केला. चार महिन्यांची कमाई सोडून दिल्यासारखं वाटत होतं. पण सामने, मंगळवार आणि गुरुवार सांभाळून ते किलोमीटर ठेवले असते तर स्प्रिंटच्या दिवशी पाय जड राहिले असते, आणि जड पायांनी मारलेल्या स्प्रिंटने वेग वाढत नाही.

मंगळवार ७५-२५ चा. शहरात मोजलेला ४०० मीटर ट्रॅक नव्हता. १०० मीटर लांबीच्या मैदानावर मात्र हा सराव चोख बसतो. दोन्ही गोलरेषांपासून २५ मीटरवर शंकूंची एकेक ओळ लावायची. एका गोलरेषेवरून निघून लांबच्या ओळीपर्यंत धावलं की ७५ मीटर होतात, तिथून समोरच्या गोलरेषेपर्यंत चाललं की २५. वळून पुन्हा तेच. शिट्टीसाठी मोबाइलवर मध्यंतर मोजणारं ॲप: १५ सेकंद, मग चालण्याची वेळ.

सुरुवात आठच्या दोन संचांनी झाली. मध्ये तीन मिनिटं आणि चालायला २२ ऐवजी २६ सेकंद. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आठचे तीन संच, चालणं २४ सेकंद. सहाव्या आठवड्यापासून सोळाचे दोन संच, चालणं खऱ्या चाचणीप्रमाणे २२. आठव्यात वीसचे दोन संच, पण चालायला फक्त २० सेकंद. या मंगळवारी त्यांना छत्तीसपर्यंतच पोचता आलं आणि ते अपेक्षितच होतं. धावण्याचे १५ सेकंद मात्र, दुखापतीच्या दिवसांतला एक अपवाद सोडला तर, शेवटपर्यंत बदलले नाहीत. सोपं करायचं तर विश्रांती वाढवायची, वेग कमी करायचा नाही. वेग कमी केला की शरीर चुकीच्या वेगाची सवय लावून घेतं.

या सरावात सर्वांत जास्त वेळ एका गोष्टीवर गेला: बरोबर १५ सेकंदांत पोचायला शिकणं. उभ्याने सुरुवात असल्यामुळे पहिले काही मीटर हळू जातात आणि पुढे ताशी १९ च्या आसपास धावावं लागतं. त्यांची सवय अशी की शिट्टीबरोबर उसळी मारायची, वीस मीटर जोरात आणि पुढे सैल. दर वेळी असं थांबून उसळी मारणं महागात पडतं. त्याऐवजी पहिल्या दहा-बारा मीटरमध्ये वेग चढवत न्यायचा आणि मग तो तसाच धरायचा. अंतराच्या मध्यावर एक शंकू ठेवून आठव्या सेकंदाला तिथे असायचं, एवढी एकच खूण दिली. तीन आठवड्यांत त्यांची धाव साडेचौदा ते पंधराच्या मध्ये बसायला लागली. चालतानाही घाई नको. २५ मीटरला २२ सेकंद म्हणजे बाजारात फिरायचा वेग. ते पूर्वी पट्ट्यात पोचल्यावर कंबरेवर हात ठेवून थांबत, मग उरलेलं अंतर झपाझप चालत, आणि पुढच्या शिट्टीला श्वास फुललेलाच असे.

गुरुवार स्प्रिंटचा. पहिले दोन आठवडे फक्त २० मीटर, आठ वेळा, मध्ये पूर्ण दोन मिनिटं. मग ३० आणि ४० मीटरच्या चार-चार, मध्ये तीन मिनिटं. ‘एवढा वेळ नुसतं उभं राहायचं?’ हा प्रश्न प्रत्येक हौशी रेफरी विचारतो. वेग वाढवण्याच्या टप्प्यात प्रत्येक धाव ताज्या पायांनी व्हायला हवी. धापा टाकत मारलेल्या धावा दुसऱ्या कामासाठी आहेत. ते दुसरं काम सहाव्या आठवड्यात सुरू झालं: ४० मीटरच्या सहा धावा, आधी ९० सेकंदांच्या विश्रांतीने, मग ७५, मग ६०.

चौथ्या आठवड्यातला निर्णय

चौथ्या आठवड्यात उजव्या मांडीच्या मागे ओढ बसली. शनिवारी आणि रविवारी मिळून त्यांनी तीन सामने केले होते, मंगळवारी चोवीस धावा, आणि गुरुवारी ४० मीटरच्या तिसऱ्या स्प्रिंटला स्नायू ‘धरला’. चालताना दुखत नव्हतं, जोर लावला की टोचत होतं.

इथे दोन रस्ते होते. एक, गरम पट्टी बांधून पुढच्या गुरुवारी पुन्हा स्प्रिंट, जे बहुतेक जण करतात. दुसरा, दहा दिवस स्प्रिंट बंद. त्यांनी दुसरा धरला आणि आठवड्याला एकच सामना घ्यायचं ठरवलं. त्यात मानधन बुडालं, आयोजकांची नाराजीही आली. या काळात मंगळवारचा सराव दुखणार नाही अशा वेगात निम्मा केला. हा वेग कमी न करण्याच्या नियमाचा अपवाद होता आणि तो जाणूनबुजून केला.

याच वेळी नॉर्डिक व्यायाम सुरू झाला. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे, आणि पाठ-कंबर सरळ ठेवून शरीर पुढे जितकं हळू सोडता येईल तितकं सोडायचं. तोल गेला की हात टेकायचे. ओढ पूर्ण गेल्यावर चारचे दोन संच, तीन आठवड्यांनी आठचे तीन. पहिल्या दोन वेळा मांड्या इतक्या दुखतात की जिना उतरणं नकोसं होतं, म्हणून तो मंगळवारी सरावानंतर करायचा, सामन्याच्या आदल्या दोन दिवसांत कधीच नाही. ओढ आल्यानंतर सुरू केलेला हा व्यायाम पहिल्याच आठवड्यात असायला हवा होता. नियोजनातली ही सर्वांत मोठी चूक, आणि ती प्रशिक्षकांची होती.

चाचणीचा दम आणि खेळाच्या बरोबर राहणं

नोव्हेंबरमध्ये एका सामन्याचं गॅलरीतून चित्रीकरण झालं. रेफरींनी एकूण बावीस वेळा फाउलसाठी शिट्टी मारली होती. त्यांपैकी नऊ वेळा ते घटनेपासून २५ मीटरहून लांब होते. तोपर्यंत त्यांचा दम स्पष्ट सुधारला होता, तरी हे घडत होतं.

चित्रीकरण पुन्हा पुन्हा पाहिल्यावर नऊपैकी सहा प्रसंगांत एकच गोष्ट दिसली. कॉर्नर किंवा लांबचा क्रॉस येतो, गोलकीपर चेंडू हातात घेतो आणि रेफरी पेनल्टी एरियाजवळ उभे. कीपरने लांब फेक टाकली की ते दोन-तीन पावलं चालतात, चेंडू मध्यरेषेवर पडला की धावायला लागतात. तोवर प्रतिहल्ला तीस-पस्तीस मीटर पुढे गेलेला. ते धावत होते पूर्ण वेगाने, पण दोन सेकंद उशिरा. आघाडीचा खेळाडू दोन सेकंदांत पंधरा मीटर जातो. एवढं अंतर कोणताही रेफरी नुसत्या पायांनी भरून काढू शकत नाही.

त्यामुळे शेवटच्या पाच आठवड्यांत गुरुवारच्या सरावाच्या शेवटी एक वेगळी धाव जोडली. रेफरी पेनल्टी एरियाच्या बाहेर, कमानीजवळ. सहकारी गोलपाशी चेंडू हातात घेऊन. सहकाऱ्याने चेंडू पकडला की रेफरीने कीपरकडे तोंड ठेवून सात-आठ मीटर मागे सरकायचं, आणि हात फेकीसाठी मागे गेला की, चेंडू सुटायची वाट न पाहता, वळून पन्नास मीटर तिरकं धावायचं. कधीकधी सहकारी चेंडू फेकायचाच नाही. मग वेग कमी करून नजर मागे. चारच्या दोन मालिका, मध्ये दीड मिनिट. यात चाचणीत कधीच न येणाऱ्या तीन गोष्टी आहेत: मागे धावणं, वळणं आणि निर्णय घेऊन निघणं.

दुसरी दुरुस्ती धावण्याच्या रेषेची. ते चेंडूच्या मागोमाग मैदानाच्या मधून सरळ धावायचे. त्यामुळे खेळाडूंच्या पाठी दिसायच्या, पाय नाही, आणि पासच्या मार्गातही यायचे. डाव्या बाजूला थोडं रुंद राहून तिरकी धाव घेतली की अंतर पाच-सहा मीटरनी वाढतं, पण दोन खेळाडूंमधली फट दिसते आणि पलीकडच्या सहायकाशी नजर जुळते. या बदलासाठी जास्तीचा दम लागत नाही, मात्र थकल्यावर हीच सवय आधी सुटते. सामन्याच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत ते पुन्हा मधून सरळ धावताना दिसत होते. कोणत्याही रेफरीला आपला दम कुठे संपतो हे शोधायचं असेल, तर पंचाहत्तराव्या मिनिटानंतरची आपली धावण्याची रेषा पाहावी.

डिसेंबरच्या सुरुवातीला तसंच एक चित्रीकरण झालं. तेव्हा वीस शिट्ट्यांपैकी चार २५ मीटरच्या पलीकडून होत्या. सामना वेगळा, संघ वेगळे, म्हणून या तुलनेला फार ताणू नये.

दुसरी चाचणी

दहाव्या आठवड्यात पूर्ण रंगीत तालीम झाली: सहा स्प्रिंट, सात मिनिटं विश्रांती, चाळीस धावा. तालमीत ते अडतिसाव्या धावेला पट्ट्यात वेळेवर पोचू शकले नाहीत. शेवटच्या आठवड्यात मंगळवारी फक्त बारा धावा, गुरुवारी ४० मीटरच्या तीन, सामना नाही. रेफरींना आणखी एकदा चाळीस मारून खात्री करायची होती. चाचणीच्या पाच दिवस आधी तसं केलं असतं, तर नवीन दम आला नसता आणि जुना थकवा मात्र राहिला असता.

चाचणीच्या दिवशी पहिल्या धावा थोड्या राखून मारायचं ठरलं होतं. वेळा आल्या: ५.९३, ५.९५, ५.९९, ६.०२, ६.०८, ६.१३. घसरण साडेतीन टक्क्यांच्या आत. सहाव्या धावेनंतर ते जमिनीवर बसले नाहीत. सात मिनिटांत चालत राहिले, दोन-तीन घोट पाणी घेतलं.

दुसऱ्या भागात एकतिसाव्या धावेला ताकीद मिळाली. सिंथेटिक ट्रॅकच्या एका बाजूला समोरून वारा होता आणि त्या बाजूची प्रत्येक धाव अर्ध्या सेकंदाने लांबत होती. मैदानावर मंगळवारचा सराव जाऊन-येऊन असल्याने वाऱ्याची भरपाई परतीच्या धावेत व्हायची. ट्रॅकवर तीच बाजू प्रत्येक फेरीत येते. पुढच्या नऊ धावांत त्या बाजूला त्यांनी शिट्टीबरोबर जास्त जोर लावून सुरुवात केली आणि बाकीच्या बाजूंना बरोबर १५ धरले. चाळिसावी धाव पूर्ण झाली.

वेगळं काय करता आलं असतं

टेप पहिल्या दिवशी आली असती तर सप्टेंबरची चाचणीच त्यांनी पुढे ढकलली असती. पाच मिनिटांचं मोजमाप न केल्याने अडीच महिने गेले.

पूर्ण तालीम दहाव्या आठवड्यात फारच उशिरा झाली. स्प्रिंटनंतर चाळीस धावा मारणं हे दोन वेगवेगळ्या दिवशीच्या सरावांची बेरीज नसते. सातव्या आठवड्यात सहा स्प्रिंट आणि लगेच चोवीस धावा करून पाहिल्या असत्या, तर अडतिसाव्या धावेची अडचण तीन आठवडे आधी कळली असती. निदान दोन मंगळवार खऱ्या ट्रॅकवरही घालवायला हवे होते, मग त्यासाठी शेजारच्या जिल्ह्यात एसटीने जावं लागलं असतं तरी.

चाचणीनंतर जे झालं तेही नोंदवण्यासारखं आहे. पास झाल्यावर स्प्रिंट थांबले आणि फक्त सामने चालू राहिले. सात आठवड्यांनी प्रशिक्षकांनी सहज सहा धावा मारून घेतल्या तर शेवटची ६.१८ आली, मर्यादेला जेमतेम टेकलेली. सामन्यात ४० मीटरची पूर्ण वेगाची धाव रेफरीच्या वाट्याला मोजक्याच वेळा येते, तेवढ्यावर वेग टिकत नाही. आता दर गुरुवारी ४० मीटरच्या चार धावा तीन-तीन मिनिटांच्या विश्रांतीने, आठचे दोन संच नॉर्डिक, आणि पंधरा दिवसांतून एकदा सोळा धावांचा ७५-२५. सराव आणि आवराआवर धरून पहाटेचा पाऊण तास जातो. पुढची वार्षिक चाचणी सप्टेंबरमध्ये आहे, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या चिखलात स्प्रिंट कुठे मारायचे हा प्रश्न अजून सुटलेला नाही. सध्या एका शाळेच्या पेव्हर ब्लॉकच्या आवाराची परवानगी मागितली आहे. तिथे टेपने ४३ मीटर मिळतात, थांबायला दीड मीटरच उरतो, म्हणून भिंतीवर गाद्या लावाव्या लागतील.